वॉटरप्रूफ गच्चीवर पेडेस्टलची फरशी: मेम्ब्रेनला धक्का न लावता गच्चीबाग कशी तयार करायची

गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, आता वर बसण्या-फिरण्यासाठी फरशी हवी आणि कडेने झाडं हवीत, असं ठरलं की नेहमीचा मार्ग म्हणजे मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थरावर, सिमेंट-वाळूचा थर टाकून त्यात टाइल बसवणं. दिसायला ते पक्कं वाटतं, पण मेम्ब्रेनच्या दृष्टीने ते गैरसोयीचं आहे. उन्हाने टाइल आणि माल फुगतो, रात्री आकसतो आणि खालच्या थराला रोज थोडं थोडं ओढत राहतो. सांध्यांतून मुरलेलं पाणी मालात अडकून बसतं. पुढे कधी गळती निघाली तर फरशी फोडावी लागते, आणि फोडताना छिन्नी मेम्ब्रेनपर्यंत गेली नाही असं सहसा होत नाही.

पेडेस्टलच्या पद्धतीत यातलं काहीच चिकटवलेलं नसतं. पेडेस्टल म्हणजे प्लास्टिकचा एक ठेंगणा खांब: खाली रुंद गोल बैठक, मध्ये उंची कमी-जास्त करायला आट्यांचा दांडा, वर टाइलचे कोपरे टेकवायला चकती. चकतीवर चार उभे पाते असतात, त्यांच्यामुळे टाइलांमध्ये साधारण ३ मिमीची फट राहते. पाणी त्या फटीतून खाली पडतं, मेम्ब्रेनच्या उतारावरून वाहतं आणि पाइपात जातं. वरची फरशी सपाट, खालचा उतार तसाच, आणि दोन्हींच्या मध्ये हवा खेळती.

मेम्ब्रेन जागेवर ठेवलेल्या वजनाने सहसा फाटत नाही. ते फाटतं बैठकीखाली अडकलेल्या खड्याने, ओढत नेलेल्या वस्तूने, तापून मऊ झालेलं असताना त्यावर चालल्याने आणि त्याच्यावर उभं राहून केलेल्या कापाकापीने. म्हणजे धोका फरशीपेक्षा ती घालण्याच्या दिवसांत जास्त असतो. म्हणून या लेखात मी कामाच्या क्रमाला जास्त जागा दिली आहे.

आधी तीन उंच्या मोजा

खरेदीच्या आधी टेप घेऊन गच्चीवर जा. समजण्यासाठी एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. गच्ची आतून ६.०५ मीटर लांब आणि ४.५० मीटर रुंद. दार एका आखूड भिंतीत. उतार दारापासून समोरच्या आखूड भिंतीकडे, १०० ला १. म्हणजे दाराशी मेम्ब्रेन जितकं वर आहे त्यापेक्षा पलीकडच्या टोकाला ते सुमारे ६० मिमी खाली आहे, आणि पाइपाचं तोंड त्या टोकाला आहे. दाराचा उंबरा मेम्ब्रेनपासून ११० मिमी वर.

पहिली उंची दाराची. दाराशी पेडेस्टल ४५ मिमी आणि वर २० मिमी जाडीची पोर्सिलेन टाइल धरली तर तयार फरशी मेम्ब्रेनच्या ६५ मिमी वर येते. उंबरा अजून ४५ मिमी वर राहतो, म्हणजे जोराच्या पावसात पाणी घरात शिरायला जागा नाही. फरशी घरातल्या पातळीशी अगदी जुळवून घ्यायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. जुळवायचीच असेल तर दारासमोर पूर्ण रुंदीची जाळी आणि तिच्याखाली मोकळी पन्हळ लागते, आणि ते काम वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला विचारूनच करावं.

दुसरी उंची भिंतीवर चढवलेल्या मेम्ब्रेनची. ते तयार फरशीच्या वर निदान १५० मिमी चढलेलं असावं असा सर्वसाधारण नियम आहे. आता पलीकडच्या टोकाचा हिशेब पाहा. तिथे पेडेस्टल १०५ मिमी, टाइल २०, एकूण १२५. त्यावर १५० म्हणजे मेम्ब्रेन तळापासून २७५ मिमी वर चढलेलं हवं. बहुतेक ठिकाणी ते दीडशे-दोनशेवरच थांबलेलं असतं, कारण वॉटरप्रूफिंग करताना फरशी वर उचलली जाईल हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. ते कमी असेल तर आत्ताच वाढवून घ्या. फरशी झाल्यावर तिथे हात पोचत नाही.

तिसरी उंची कठड्याची, आणि ती सगळ्यात जास्त विसरली जाते. पलीकडच्या टोकाला तुम्ही जमीनच १२५ मिमी वर आणताय. एक मीटरचा कठडा तिथे ८७५ मिमीचा होतो. कडेला बाक किंवा मोठी कुंडी ठेवली तर तिच्यावर चढणाऱ्या मुलासाठी तो आणखी ठेंगणा. तुमच्याकडच्या बांधकाम नियमात किमान उंची किती सांगितली आहे ते बघून रेलिंग वाढवायची असेल तर तेही आधीच करा. रेलिंगचे बोल्ट कठड्याच्या माथ्यावर किंवा बाहेरच्या अंगाला जावेत, भिंतीवर चढवलेल्या मेम्ब्रेनमधून कधीच नाही.

स्लॅबवर किती भार येतो

२० मिमीची पोर्सिलेन टाइल चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरते. ६०० × ६०० ची एक टाइल १७ किलोच्या आसपास. आपल्या गच्चीवर एकूण भार १,३०० किलोच्या जवळ जातो, पण तो २७ चौरस मीटरवर पसरलेला असतो, त्यामुळे एरवी काळजीचा नसतो. ५० मिमी जाडीचे काँक्रीटचे ब्लॉक घेतलेत तर तो अडीचपट होतो.

खरा भार मातीचा. ओल्या साध्या बागमातीचं वजन घनमीटरला १,६०० किलो किंवा जास्तच असतं. म्हणजे नुसती ३०० मिमी माती पसरली तर चौरस मीटरला जवळजवळ ५०० किलो. गच्चीचा स्लॅब कशासाठी डिझाइन केला होता हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय मातीचं काही ठरवू नका. त्याला नुसतं 'बाग करायची आहे' असं सांगून चालत नाही. कुंड्यांचे आकार, ओल्या मातीचं वजन आणि त्या कुठे ठेवणार याचा साधा नकाशा हातात द्या.

पाणी भरून बघा, मग पुढे

पेडेस्टलने फरशी सपाट होते, मेम्ब्रेन नाही. मेम्ब्रेनवर कुठे खोलगट भाग असेल तर फरशीखाली तो तसाच राहील. फरक एवढाच की आता तिथलं डबकं तुम्हाला दिसणार नाही, डासांना मात्र दिसेल. म्हणून आधी गच्चीवर पाइपने भरपूर पाणी सोडा, वाहून जाऊ द्या आणि तासाभराने जाऊन बघा. डबकं राहिलेल्या जागेभोवती खडूने रेघ मारा आणि ती जागा वॉटरप्रूफिंगवाल्याकडून भरून घ्या. त्यावर जास्त उंचीचा पेडेस्टल लावून पुढे जाणं म्हणजे दोष झाकणं.

त्यानंतर तुंबवण्याची चाचणी. पाइपाचं तोंड रबरी बुचाने बंद करून सगळीकडे निदान २५ मिमी पाणी राहील इतकं भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. आपल्या उदाहरणात दाराशी २५ मिमी उभं राहायला पलीकडच्या टोकाला ८५ मिमी लागतं, म्हणजे सरासरी चौरस मीटरला ५५ किलो पाण्याचा भार. इंजिनियरशी बोलताना हेही विचारून घ्या. सुरुवातीला भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा, आणि शेजारी, सावलीत न ठेवता त्याच उन्हात, पाण्याची एक बादलीही ठेवा. बादलीतलं पाणी जितकं उतरलं ते वाफ होऊन गेलं. गच्चीवरचं त्यापेक्षा जास्त उतरलं असेल तर ते कुठेतरी मुरतंय. खालच्या खोलीचं छत, कोपरे आणि पाइप स्लॅबमधून जातो ती जागा रोज तपासा.

ही चाचणी पास झाल्याची तारीख आणि फोटो ठेवा. पुढे गळती निघाली तर ती मेम्ब्रेनची की फरशीच्या कामातली, हा वाद त्यावरच सुटतो.

आखणी आणि खरेदी

आता कागदावर. लांबीत ६०० च्या दहा टाइल आणि त्यांच्यामधल्या नऊ फटी मिळून ६,०२७ मिमी. गच्ची ६,०५०. दोन्ही टोकांना ११-१२ मिमी मोकळे राहतात, तेवढेच हवे असतात. रुंदीत सात अखंड टाइल बसवल्या तर एका कडेला पावणेतीनशे मिमीची चिंचोळी पट्टी उरते. तिच्याऐवजी सहा अखंड टाइल मधे घ्या आणि दोन्ही कडांना ४२९ मिमीचे कापलेले तुकडे. कडेचा तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा रुंद राहिला की तो डगमगत नाही. चिंचोळ्या तुकड्यावर पाय पडला की तो उलटतो.

म्हणजे आडव्या आठ आणि उभ्या दहा अशा ८० टाइल. पेडेस्टल कोपऱ्यांवर येतात, म्हणून प्रत्येक दिशेला टाइलांपेक्षा एक जास्त: ९ × ११ = ९९. टाइल पाच-सहा जास्त घ्या आणि काम झाल्यावर उरलेल्या जपून ठेवा, कारण पुढच्या बॅचचा रंग जुळत नाही.

पेडेस्टलची उंची ओळीगणिक बदलते. दर ओळीला ६०३ मिमी पुढे सरकताना मेम्ब्रेन सुमारे ६ मिमी खाली जातं. म्हणून दाराची ओळ ४५ मिमी, पुढची ५१, मग ५७, ६३, ६९, असं करत अकराव्या ओळीला १०५. प्रत्येक मॉडेलला उंचीची एक मर्यादा असते. समजा एक मॉडेल ३५ ते ७० आणि दुसरं ६५ ते ११५ मिमी असं मिळालं, तर पहिल्या चार ओळींना लहान आणि उरलेल्या सात ओळींना मोठं, म्हणजे ३६ आणि ६३ नग. पाचवी ओळ ६९ वर आहे, ती लहान मॉडेलमध्येही बसते, पण अगदी टोकाला. दांडा शेवटच्या आट्यांपर्यंत उघडायची वेळ येऊ देऊ नका, तिथे पकड कमी असते. प्रत्यक्ष गच्चीचा उतार कधीच इतका सरळ नसतो, म्हणून दोन्ही बाजूंना काही मिमी हातचे असलेले बरे.

एक गोष्ट अजून: उतार सुधारणारी चकती. बैठक उतारावर सपाट टेकते, म्हणजे दांडा आणि वरची चकतीही उतारासोबत कलते. एक टक्का उताराला चकतीच्या एका कडेला मिलिमीटरभर फट राहते. एवढी फटही टाइल खडखडायला पुरते. फिरवून कल जुळवता येणारी चकती किंवा आपोआप कलणारं डोकं असलेला पेडेस्टल घ्या.

बैठकीखालचं अस्तर

मधल्या एका पेडेस्टलवर चार टाइलांचे चार कोपरे, म्हणजे एका टाइलइतकं वजन येतं: १७ किलो. त्यावर माणसांचा आणि खुर्च्यांचा भार चौरस मीटरला २०० किलो धरला तर आणखी ७२. एकूण ९० किलोच्या आसपास. २०० मिमी व्यासाच्या बैठकीवर हा दाब चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोहूनही कमी पडतो. टाच टेकवून उभा राहिलेला माणूस मेम्ब्रेनवर याच्या कितीतरी पट दाब देतो. म्हणून म्हटलं, वजन हा मुख्य प्रश्न नाही.

पण बैठकीच्या बुडाला फासळ्या असतात आणि कडेला धार असते. तापलेल्या डांबरी मेम्ब्रेनवर त्यांचे ठसे उठतात. शिवाय माणसं चालली की बैठक केसभर हलते, आणि तिच्याखाली वाळूचा एक कण असला तर तो वर्षभर घासत राहतो. म्हणून प्रत्येक बैठकीखाली तिच्यापेक्षा मोठा, साधारण २५० ते ३०० मिमीचा चौकोनी तुकडा घाला. तो कशाचा, हे मेम्ब्रेनवर अवलंबून आहे. डांबरी मेम्ब्रेनवर त्याच जातीच्या मेम्ब्रेनचा तुकडा किंवा जाड पॉलिएस्टर फेल्ट चालतो. पीव्हीसीच्या मेम्ब्रेनवर मात्र डांबरी तुकडा किंवा भुगा दाबून केलेलं रबर थेट ठेवायचं नाही. पीव्हीसीला मऊ ठेवणारे घटक त्यांच्या स्पर्शाने निघून जातात आणि ते कडक होऊन तडकतं. तिथे पीव्हीसीचाच तुकडा किंवा मध्ये फेल्ट. मेम्ब्रेन कोणत्या जातीचं आहे हे माहीत नसेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारून अस्तराची त्याच्याकडून लेखी संमती घ्या, नाहीतर त्याची हमी तुम्हीच रद्द केल्यासारखं होतं.

काही जण पूर्ण गच्चीवर फेल्ट अंथरतात. मला तुकडे जास्त पसंत आहेत. अखंड फेल्टमध्ये माती आणि शेवाळ साचतं, पाणी सावकाश सरकतं आणि मेम्ब्रेन नजरेला दिसत नाही. तुकड्यांमध्ये पाणी मोकळं वाहतं. तुकड्यांचे कोपरे कात्रीने गोल करा, आणि बैठक शक्यतो मेम्ब्रेनच्या जोडावर येऊ देऊ नका. आलीच तर ती अर्धी जोडावर आणि अर्धी बाहेर अशी नको, पूर्ण एका बाजूला सरकवता येते का बघा.

मेम्ब्रेनवर उष्णतारोधक बोर्ड असतील तर पेडेस्टल त्या बोर्डांवर येतात. तेव्हा कायम भार सोसणारे, दाट फोमचेच बोर्ड हवेत. मऊ बोर्डात बैठक हळूहळू रुतते आणि वर्षभरात फरशी लाटांसारखी होते.

बसवण्याचा दिवस

पातळ थर ओतून केलेलं वॉटरप्रूफिंग असेल तर ते पूर्ण वाळायला कंपनीने जितके दिवस सांगितले आहेत तितके जाऊ द्या. काम पहाटे सुरू करा आणि ऊन चढलं की थांबा. बुटांच्या तळव्यातले खडे काढा, शक्यतो मऊ तळव्याचे बूट घाला. मेम्ब्रेन झाडून, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. हाताचा तळवा फिरवून बघितलं की राहिलेली कचकच लगेच कळते.

टाइलांचा साठा एका जागी रचू नका. वीस टाइलांची एक थप्पी ३४० किलोची होते, आणि ती टेकते जेमतेम पाव-अर्धा चौरस मीटरवर. दारातून गरजेपुरत्या चार-पाच टाइल आणा. कापण्याचं काम तर गच्चीवर अजिबात नको. पोर्सिलेनचे कण काचेसारखे टोकदार असतात आणि एकदा मेम्ब्रेनवर पसरले की शेवटपर्यंत निघत नाहीत. खाली किंवा दुसऱ्या मोकळ्या जागेत पाण्याच्या कटरने कापा आणि तुकडे धुऊन वर आणा.

रुंदीचा मध्य काढून खडूने मेम्ब्रेनवर एक लांब रेघ मारा. लेव्हलसाठी दोरी लागेल, तिच्यासाठी भिंतीत खिळा मारायचा नाही. दोन विटा फडक्यावर ठेवून त्यांना बांधा. लेझर असेल तर उत्तम.

सुरुवात दाराकडून करा. कारण साधं आहे: पुढचा माल बसवलेल्या टाइलांवरून नेता येतो, मेम्ब्रेनवर चालावं लागत नाही. पहिल्या ओळीचे नऊ पेडेस्टल ४५ मिमीवर लावून ठेवा, दुसऱ्या ओळीचे ५१ वर. अस्तराचा तुकडा, त्यावर पेडेस्टल, आणि चकतीचे पाते खडूच्या रेघेशी जुळवलेले. आता टाइल दोघांनी, शक्य तर सक्शनच्या मुठींनी उचलायची आणि सरळ वरून खाली सोडायची. ती एका कोपऱ्यावर टेकवून सरकवत जागेवर आणली की चकती ढकलली जाते, तिच्यासोबत बैठक घासत जाते, आणि तुमची सगळी सफाई वाया जाते.

टाइल बसली की एकेका कोपऱ्यावर अंगठ्याने दाबा. हलकासा 'टक' आवाज आला तर तो कोपरा आणि त्याच्या समोरचा कोपरा यांच्यात झोका आहे. टाइल उचला, आवाज आलेल्या कोपऱ्याचा दांडा किंचित वर फिरवा, पुन्हा ठेवा. काही मॉडेलमध्ये फटीतून किल्ली घालून वरूनच फिरवता येतं, मग काम फार सोपं होतं. अगदी केसभर फरक उरला तर चकतीवर मिलिमीटरभर जाडीची रबरी चकती ठेवा. बैठकीखाली लाकडाचा किंवा टाइलचा तुकडा सरकवणं मात्र कायमचं वर्ज्य. त्याची धार मेम्ब्रेनला लागते आणि तो कधीतरी निसटतोच.

पहिल्या दोन ओळींना वेळ द्या. दर ओळीनंतर लांब लेव्हल पट्टी कर्णात ठेवून बघा आणि फटी दोरीशी एका रेषेत आहेत का तपासा. तिसऱ्या ओळीपासून हाताला वेग येतो.

कडा

पेडेस्टलच्या फरशीचं दुखणं बहुतेक कडेला सुरू होतं. टाइल कशालाच चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे चारी बाजूंनी त्यांना कोणीतरी धरून ठेवलेलं हवं. कठड्याने धरलेल्या नसतील तर चालताना त्या हळूहळू बाहेर सरकतात, मधल्या फटी ३ च्या ५-६ मिमी होतात, पात्यांमधून टाइल सुटते आणि एक दिवस कोपरा खाली बसतो. म्हणून टाइल आणि भिंत यांच्यामधल्या ११-१२ मिमीत रबराचे किंवा स्प्रिंगचे अटकाव घालायचे, प्रत्येक टाइलला निदान एक. ते टाइलला धरून ठेवतात आणि उन्हात फुगायला जागाही देतात. त्या फटीत सिमेंट किंवा सिलिकॉन भरू नका. तिथूनही पाणी खाली जायचं असतं.

दुसरी अडचण कोपऱ्यातल्या गोलाईची. भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात मेम्ब्रेनखाली गोलाई केलेली असते. बैठक तिच्यावर अर्धी चढली की पेडेस्टल तिरका होतो आणि सगळा भार एका धारेवर येतो, तोही जिथे मेम्ब्रेन वळलेलं आणि ताणलेलं असतं अशा जागी. उपाय दोन. बऱ्याच मॉडेलच्या बैठकीवर कापायच्या खुणा असतात, त्यावर ती बाजू कापून टाकायची आणि कापलेली कड फाइलने गुळगुळीत करायची. किंवा पेडेस्टल गोलाई सोडून आत सरकवायचा, चकतीवरचे पाते मोडून टाकायचे आणि टाइल थोडी पुढे लोंबू द्यायची. किती लोंबू द्यायची ते उत्पादकाच्या तक्त्यात असतं. आपल्या गच्चीवर हा प्रश्न चारी भिंतींशी येईल, म्हणून कडेचे ३६ पेडेस्टल घेतानाच त्यांची बैठक कापता येते का, हे बघा.

उंच इमारतीच्या गच्चीवर वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मोकळ्या फटींमुळे टाइलच्या वरचा आणि खालचा दाब बराच समान होतो, पण कोपऱ्यांत आणि कठड्याशी ओढ जास्त असते. तिथे इंजिनियर सांगेल तर जड टाइल किंवा टाइलला पेडेस्टलशी धरणाऱ्या क्लिपा लागतात.

पाइपाचं तोंड

पाइपाच्या तोंडावर येणारी टाइल कधीही उचलता आली पाहिजे. तिच्या खालच्या बाजूला रंगाने खूण करा, आणि वर मोठी कुंडी ठेवू नका. पेडेस्टलची बैठक तोंडाभोवतीच्या खळग्यात येत असेल तर आखणी थोडी सरकवा, किंवा तो पेडेस्टल बाजूला घेऊन दोन ठेवा. तोंडावर पालापाचोळा अडवणारी उंच, घुमटाकार जाळी हवी, सपाट जाळी एका पानाने बंद होते. आणि एकच पाइप असेल तर कठड्यातून बाहेर निघणारं एक जास्तीचं भोकही हवं, फरशीच्या आणि उंबऱ्याच्या पातळीखाली. मुख्य तोंड तुंबल्याचं वरून दिसत नाही. या भोकातून पाणी पडू लागलं की कळतं.

कुंड्या आणि वाफे

६०० × ६०० ची, ४५० मिमी उंच कुंडी घ्या. तिच्यात साध्या मातीचे साधारण १६० लिटर बसतात, ओलं वजन अडीचशे किलोच्या वर. तीच कुंडी कोकोपीट, पर्लाइट आणि कंपोस्टच्या हलक्या मिश्रणाने भरली तर भिजूनही दीडशे-एकशे साठ किलोपर्यंत राहते. गच्चीवर मी हलकं मिश्रणच सुचवेन.

वजनाइतकंच ते कुठे टेकतं हेही महत्त्वाचं. कुंडीला चार बारीक पाय असतील आणि ते टाइलच्या मध्याकडे पडत असतील तर पोर्सिलेन वाकत नाही, एकदम तुटते. मोठी कुंडी अशी ठेवा की तिचा भार चार टाइलांच्या सांध्यावर, म्हणजे पेडेस्टलच्या डोक्यावर येईल, किंवा ज्या टाइलवर ती येणार आहे त्याच्या मध्याखाली पाचवा पेडेस्टल घाला. जागा आधी ठरवली तर हे बसवतानाच होऊन जातं. सगळ्यात जड कुंड्या भिंती आणि तुळयांच्या वर, स्लॅबच्या मध्यावर हलक्या.

कुंडीच्या तळाच्या भोकावर फेल्टचा तुकडा टाका. नाहीतर दर पाण्यासोबत थोडी माती फटींतून खाली जाते, मेम्ब्रेनवर गाळ होऊन बसते, आणि तिच्यात वाऱ्याने आलेलं बी रुजतं. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं फरशीखाली उगवली तर त्यांची मुळं मेम्ब्रेनचे जोड शोधून काढतात. फटीतून एखादं कोवळं पान डोकावलं की टाइल उचलून मुळासकट काढा, नुसतं वरून तोडू नका. बांबूसारखी पसरणारी झाडं जाड भिंतीच्या, अखंड कुंडीतच ठेवा, आणि कुंडी पायांवर थोडी उचललेली असू द्या, म्हणजे भोकातून बाहेर आलेलं मूळ नजरेला पडतं.

नंतरची देखभाल आणि गळतीचा शोध

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पानगळीनंतर, पाइपाच्या तोंडाची टाइल आणि उताराच्या खालच्या टोकाच्या काही टाइल उचला. गाळ हाताने किंवा मऊ झाडूने काढा आणि पाइपने धुऊन टाका. पाण्याचा जोर जास्त असलेलं यंत्र मेम्ब्रेनच्या जोडांवर मारू नका. खडखडणारी टाइल लगेच नीट करा, कारण जी टाइल हलते तिची बैठकही हलते.

खालच्या छतावर ओल दिसली तर थेट त्याच्यावरच्या टाइल उचलून शोधू नका. पाणी स्लॅबमध्ये आडवं प्रवास करतं आणि भोक बऱ्याचदा उताराच्या वरच्या बाजूला असतं. आधी पाइपाचं तोंड, मग भिंतीवर चढलेल्या मेम्ब्रेनच्या कडा, मग दाराचा उंबरा बघा. बहुतेक वेळा कारण यातच निघतं. तिथे काही नसेल तर ओलीच्या जागेपासून उताराच्या वरच्या दिशेने एकेक ओळ उचलत जा. प्रत्येक पेडेस्टल काढताना त्याची जागा आणि उंची खडूने लिहून ठेवा, आणि अस्तर उचलून खालचं मेम्ब्रेन फडक्याने पुसून बघा. घासल्याचा चकचकीत डाग, अर्धवर्तुळाकार ठसा किंवा रुतलेला खडा दिसला तर ती जागा वॉटरप्रूफिंगवाल्याकडून त्याच जातीच्या तुकड्याने सांधून घ्या. तो सांधा पूर्ण पक्का झाल्यावर तिथे थोडा भाग मातीच्या बांधाने अडवून पुन्हा पाणी भरा, आणि खालचं छत कोरडं राहिल्यावरच पेडेस्टल खडूच्या खुणेवर परत ठेवा.